भाव डॉलरचा, बिल रुपयांचे : दीर्घ मुदतीच्या पुरवठा करारात चलन आणि संदर्भ दराचे कलम कसे लिहावे

रबाळ्याच्या एमआयडीसीत प्लास्टिकचे क्रेट आणि डबे बनवणारा एक मध्यम कारखाना आहे, असे धरू. त्याला दरमहा ६० टन पॉलिप्रॉपिलीनचे दाणे लागतात. हे दाणे तो थेट परदेशातून मागवत नाही. भिवंडीत गोदाम असलेल्या एका आयातदार व्यापाऱ्याकडून घेतो, आणि आता त्या दोघांना तीन वर्षांचा पुरवठा करार करायचा आहे. व्यापारी स्वतः दाणे डॉलर मोजून आणतो, म्हणून त्याला भाव डॉलरमध्ये हवा आहे. कारखान्याची सगळी विक्री रुपयांत आहे, म्हणून त्याला बिल रुपयांत हवे आहे. दोन्ही मागण्या रास्त आहेत आणि दोन्ही एकाच करारात नीट बसतात. मात्र त्या बसवणारे कलम अनेकदा एका ओळीत उरकले जाते, आणि तीन वर्षांतले निम्मे वाद त्या एका ओळीतून निघतात.

ज्यांनी असे कलम आजवर लिहिलेले नाही, त्यांच्यासाठी हेच एक उदाहरण धरून पुढच्या पायऱ्या मांडल्या आहेत. मी प्रत्येक मसुद्याला एकच कसोटी लावतो : बिल बनते त्या दिवशी भिवंडीतल्या लेखापालाने आणि रबाळ्यातल्या लेखापालाने, एकमेकांना फोन न करता, केवळ कलम वाचून दर शोधला, तर दोघांच्या कागदावर चौथ्या दशांश स्थानापर्यंत एकच आकडा आला पाहिजे.

पहिली पायरी : भावाचे चलन आणि देयकाचे चलन वेगळे लिहा

करारात चलनाला दोन कामे असतात आणि नवख्या माणसाच्या लक्षात येते ते बहुधा एकच. पहिले काम म्हणजे देणे किती आहे हे मोजणे. आपल्या उदाहरणात ते डॉलर करतो, कारण भाव टनाला १,१५० डॉलर असा ठरला आहे. दुसरे काम म्हणजे ते देणे प्रत्यक्ष फेडणे. ते रुपया करतो. पहिल्याला भावाचे चलन आणि दुसऱ्याला देयकाचे चलन म्हणावे, आणि दोन्ही शब्द कराराच्या व्याख्यांतच द्यावेत. ‘किंमत १,१५० अमेरिकी डॉलर प्रति टन’ एवढेच लिहून थांबलात, तर खरेदीदाराने डॉलर द्यायचे की रुपये, हा प्रश्न करारातच उघडा राहतो.

दोन्ही पक्ष भारतातले निवासी असतील, तर परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ मुळे आपसातले देयक सर्वसाधारणपणे रुपयांतच करावे लागते. भाव डॉलरशी जोडून ठेवणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. डॉलर तिथे केवळ मोजपट्टी असते. म्हणून कलमात स्पष्ट लिहावे की खरेदीदाराची देयता केवळ रुपयांत आहे आणि कलमानुसार काढलेली रुपयांची रक्कम भरल्यावर ती पूर्णपणे संपते. हे दुसरे अर्धे वाक्य गाळू नये. ते नसेल तर सहा महिन्यांनी रुपया घसरल्यावर व्यापारी म्हणू शकतो, ‘तुमचे रुपये मिळाले, पण माझे डॉलर पूर्ण झाले नाहीत.’

परदेशी पुरवठादाराशी थेट करार असेल आणि देयकही डॉलरमध्येच जाणार असेल, तर या लेखातल्या बहुतेक पायऱ्या लागत नाहीत, कारण रूपांतर खरेदीदार आपल्या बँकेत आपल्या खर्चाने करतो. तिथे एवढेच लक्षात ठेवावे की वाद भारतीय न्यायालयात गेला आणि डॉलरमधले देणे रुपयांत बदलायची वेळ आली, तर कोणत्या दिवसाचा दर धरायचा हा स्वतंत्र प्रश्न उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये फोरासोल विरुद्ध ओएनजीसी या खटल्यात हुकूमनाम्याचा दिनांक धरला होता. आपल्या उदाहरणात देणे पहिल्यापासून रुपयांचेच असल्यामुळे हा प्रश्न येत नाही.

दुसरी पायरी : दर कोणाचा, हे संस्थेच्या आणि दराच्या पूर्ण नावाने लिहा

काही वर्षांपूर्वी तुर्भ्यातल्या एका कंपनीसाठी मी जुना करार तपासत होतो. त्यात ‘प्रचलित बँक दराने रुपयांत’ असे शब्द होते. व्यापारी आपल्या बँकेच्या टीटी, म्हणजे टेलिग्राफिक ट्रान्सफरच्या, विक्री दराने बिल लावत होता, कारण परदेशी पुरवठादाराला पैसे पाठवताना त्याची बँक त्याला त्याच दराने डॉलर विकत होती. कंपनी आपल्या बँकेच्या टीटी खरेदी दराने पैसे भरत होती, कारण तिच्या लेखा विभागाकडे रोज त्याच दराचा कागद येत होता. चौदा महिने दोघांनीही प्रामाणिकपणे, आपापल्या परीने अगदी बरोबर, वेगवेगळे आकडे लिहिले. दोन्ही बाजूंच्या खात्यांचा मेळ घालायला बसलो तेव्हा प्रत्येक बिलाखाली थोडी थोडी थकबाकी साचलेली दिसली, आणि तिला ‘किरकोळ फरक’ असे नाव पडलेले होते.

तो फरक किती किरकोळ असतो, हे आपल्या उदाहरणात पाहू. एखाद्या दिवशी बँकेचा टीटी खरेदी दर ८६.०५ आणि टीटी विक्री दर ८६.७५ आहे, असे समजा. डॉलरमागे ७० पैशांचे अंतर आहे. महिन्याचे ६० टन, टनाला १,१५० डॉलर, म्हणजे ६९,००० डॉलर; त्यावर ७० पैसे म्हणजे ४८,३०० रुपये. तीन वर्षांत ही रक्कम १७,३८,८०० रुपये होते. एवढी रक्कम ‘प्रचलित’ या एका शब्दावर सोडता येत नाही.

‘बँक दर’ या शब्दांची आणखी एक अडचण आहे. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ४९ मध्ये बँक रेट हा पारिभाषिक शब्द आहे आणि तो व्याजाचा दर आहे, विनिमयाचा नव्हे. सूक्ष्म व लघु उद्योगांना उशिरा पैसे दिल्यास जे व्याज लागते, ते याच बँक रेटच्या तिप्पट दराने. म्हणजे ज्या शब्दाला कायद्यात आधीच एक अर्थ आहे, तोच आपण करारात दुसऱ्या अर्थाने वापरतो. विनिमयाच्या कलमात हा शब्द येऊच देऊ नये.

मग कोणता दर घ्यावा? भारतात डॉलर-रुपयासाठी दोन्ही पक्षांपासून सारख्याच अंतरावर असलेला स्रोत म्हणजे फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया प्रायव्हेट लिमिटेड, अर्थात एफबीआयएल, हिचा संदर्भ दर. सकाळी साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यानची पंधरा मिनिटे निवडून त्या वेळात बाजारात झालेल्या प्रत्यक्ष व्यवहारांवरून हा दर काढला जातो आणि दुपारी दीडच्या सुमारास प्रसिद्ध होतो. तो कोणत्याही बँकेचा खरेदी किंवा विक्री दर नाही, त्यामुळे त्यात कोणाचाही नफा मिसळलेला नसतो. त्याच कारणाने त्या दराने प्रत्यक्षात कोणीही तुम्हाला डॉलर विकत नाही. व्यापाऱ्याचा खरा खर्च त्याहून काही पैसे जास्त असतो, आणि ते पैसे संदर्भ दरात लपवण्याऐवजी वेगळे, ठरावीक आकड्यात लिहावेत. संदर्भ दर अधिक हे पैसे म्हणजे रूपांतर दर. आपल्या उदाहरणात डॉलरमागे ३० पैसे धरू. हा आकडा वाटाघाटीने ठरतो; खरेदीदाराने व्यापाऱ्याकडून मागच्या काही महिन्यांच्या बँक सूचना मागवून प्रत्यक्ष विक्री दर आणि त्या दिवसांचा संदर्भ दर यांतले अंतर पाहावे, म्हणजे बोलणे अंदाजावर चालत नाही.

आणखी दोन दर या कलमात चुकून शिरताना मी पाहिले आहेत. एक सीमाशुल्काचा. केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळ साधारण दर पंधरवड्याला आयातीसाठी आणि निर्यातीसाठी वेगवेगळे विनिमय दर जाहीर करते. ते सीमाशुल्कासाठी मालाचे मूल्य काढायला असतात. पंधरा दिवस एकाच जागी थांबतात, तर बाजार रोज हलतो. आयातदाराच्या हातात बिल ऑफ एन्ट्रीवर हाच दर छापलेला असतो, म्हणून तो सोयीचा वाटतो, पण व्यापारी भावासाठी तो योग्य नाही. दुसरा दर फेडाईचा, म्हणजे परकीय चलनाचा व्यवहार करणाऱ्या बँकांच्या संघटनेचा. तो बँकांना आपली येणी-देणी हिशेबात पुन्हा मांडायला लागतो, आणि महिनाअखेरीच्या एका दिवसाच्या दराने महिनाभराच्या पुरवठ्याचा हिशेब करणे कोणा एकाच्या बाजूने झुकतेच.

एकक लिहायला विसरू नये. डॉलर, युरो आणि पौंड यांचे संदर्भ दर एका एककासाठी असतात, पण येनचा दर १०० येनसाठी दिलेला असतो. जपानी यंत्राच्या सुट्या भागांच्या करारात ‘संदर्भ दराने गुणावे’ असे मोघम लिहिले, तर सूत्र शब्दशः पाळणाऱ्याचे उत्तर शंभर पट निघते.

तिसरी पायरी : कोणत्या दिवसाचा दर

ही पायरी सर्वांत अवघड आहे. बहुतेक मसुद्यांत ‘माल पोचल्याच्या दिनांकाचा दर’ असे असते. वाचायला सरळ वाटणारे हे शब्द प्रत्यक्ष रस्त्यावर कसे वागतात, ते पाहावे. भिवंडीहून शुक्रवारी दुपारी निघालेला ट्रक मुंब्रा बायपासवर अडकतो, शीळफाट्यावरून महापेमार्गे रबाळ्याला संध्याकाळी पावणेसातला पोचतो. गेटवरचा सुरक्षारक्षक मालासोबतच्या डिलिव्हरी चलानावर शुक्रवारचा शिक्का मारतो. स्टोअर बंद झालेले असते, म्हणून ट्रक आवारात उभा राहतो. सोमवारी सकाळी काट्यावर वजन होते, पावतीवर सोमवारची तारीख पडते. स्टोअरकीपर गोण्या मोजून, चार फाटक्या गोण्या बाजूला काढून मंगळवारी माल स्वीकारल्याची नोंद करतो. आता ‘पोचल्याचा दिनांक’ कोणता? तिन्ही कागदांवर सही-शिक्का आहे आणि तिन्ही तारखा खऱ्या आहेत.

‘पैसे भरल्याच्या दिनांकाचा दर’ हा पर्याय याहून वाईट, असे माझे मत आहे. त्यात दर कोणता लागू व्हावा हे खरेदीदाराच्या हातात जाते : रुपया सावरत असेल तर तो चार दिवस थांबतो, घसरत असेल तर मुदतीआधी भरतो. शिवाय बिलाच्या दिवशी अंतिम रक्कम कोणालाच माहीत नसते, आणि ही दुसरी अडचण थेट जीएसटीत जाऊन अडकते. माल हलवून पुरवठा होत असेल, तर कायद्यानुसार कर-बीजक माल गोदामातून हलण्याच्या वेळी किंवा त्याआधी काढावे लागते. दर नंतर ठरणार असेल, तर बीजक तात्पुरत्या दराने काढावे लागेल आणि मग प्रत्येक ट्रकमागे क्रेडिट नोट किंवा डेबिट नोट काढावी लागेल. महिन्याला २० टनांचे तीन ट्रक, तीन वर्षांत १०८ ट्रक; म्हणजे १०८ बीजके आणि त्यांच्यामागे तितक्याच नोटा. त्यात क्रेडिट नोटेने कर कमी करायचा असेल, तर आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत ती विवरणात दाखवावी लागते, नाहीतर तो कर अडकतो.

म्हणून आपल्यासारख्या देशांतर्गत करारात दर बीजक काढतानाच निश्चित झालेला असावा. इथे एक बारकावा सुटतो. ‘बीजकाच्या दिनांकाचा संदर्भ दर’ असे लिहिले, तर सकाळी दहाला ट्रक निघताना तो दर अस्तित्वातच नसतो. तो दुपारी येतो. त्यामुळे कोणी ट्रक थांबवतो, तर कोणी आदल्या दिवसाचा दर गुपचूप लावतो. बीजकाच्या दिनांकापूर्वी शेवटचा प्रसिद्ध झालेला दर धरावा, असे स्पष्ट लिहिले की सकाळी निघालेल्या आणि संध्याकाळी निघालेल्या ट्रकला एकच दर लागतो.

मात्र बीजकाचा दिनांक व्यापाऱ्याच्या हातात असतो, ही या पर्यायाची कमजोरी आहे, आणि खरेदीदाराच्या बाजूने मसुदा करणाऱ्याने ती झाकलीच पाहिजे. रुपया घसरणार असे वाटले तर व्यापारी ट्रक दोन दिवस उशिरा काढू शकतो. उपाय असा की प्रत्येक महिन्याचे पाठवणीचे दिवस आधीच लेखी ठरवावेत. व्यापाऱ्यामुळे ठरलेला दिवस चुकला, तर ठरलेल्या दिवसाचा आणि प्रत्यक्ष दिवसाचा यांपैकी कमी दर लागावा. खरेदीदाराने माल पुढे ढकलायला सांगितले, तर जास्त दर लागावा. उशीर ज्याच्यामुळे झाला त्याला त्यातून फायदा होत नाही, एवढे या तरतुदीने साधते.

काही खरेदीदार मागच्या महिन्याच्या सगळ्या दरांची सरासरी मागतात. सरासरीमुळे एखाद्या दिवसाचा झटका बसत नाही हे खरे. पण व्यापारी बँकेत डॉलर एका विशिष्ट दिवशी घेतो, सरासरीने घेत नाही, त्यामुळे तो ही जोखीम भावात चढवून मागतो. सरासरी घ्यायचीच असेल, तर ‘प्रसिद्ध झालेल्या दरांची साधी सरासरी’ असे लिहावे, म्हणजे शनिवार-रविवार मोजायचे की नाहीत हा प्रश्न उरत नाही.

भावाला पट्टा लावायचा असेल, म्हणजे दर मूळ दरापासून दोन टक्क्यांहून जास्त हलला तरच रुपयांतला भाव बदलायचा असे ठरले, तर आणखी एक वाक्य हवे. मूळ दर ८६.०० असेल, तर वरची मर्यादा ८७.७२ होते. रूपांतर दर ८८.५० झाला. आता खरेदीदाराने जास्तीचे २ रुपये ५० पैसे द्यायचे, की मर्यादेबाहेरचे केवळ ७८ पैसे? या दोन वाचनांत डॉलरमागे १ रुपया ७२ पैशांचे अंतर आहे. ६९,००० डॉलरवर एका महिन्यात १,१८,६८० रुपये. दोन्ही पद्धती व्यवहारात आहेत, म्हणून कोणती हे न लिहिणे चालत नाही.

चौथी पायरी : दर मिळाला नाही तर काय

साध्या सुट्टीपासून सुरुवात करू. संदर्भ दर मुंबईतल्या बँक सुट्ट्यांच्या दिवशी येत नाही, आणि मुंबईची सुट्टी म्हणजे ठाण्याची सुट्टी असे समजू नये. २०२४ मध्ये ईद-ए-मिलादची १६ सप्टेंबरची सुट्टी मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांसाठी ऐन वेळी १८ सप्टेंबरला हलवली गेली आणि परकीय चलनाचा बाजारही त्याप्रमाणे बंद राहिला. रबाळे ठाणे जिल्ह्यात येते. अशा वेळी ‘कामकाजाचा दिवस’ हा शब्द कोणत्या गावाच्या दिनदर्शिकेने वाचायचा, यावर दोन लेखापालांचे एकमत होईलच असे नाही. त्यामुळे कलमात ‘कामकाजाचा दिवस’ न म्हणता ‘ज्या दिवशी संदर्भ दर प्रसिद्ध झाला तो दिवस’ असे म्हणावे. मग सुट्टी कुठेही असो, तपासायची गोष्ट एकच राहते.

याहून मोठा प्रसंग म्हणजे स्रोतच बदलणे. हा संदर्भ दर पूर्वी रिझर्व्ह बँक स्वतः काढून जाहीर करीत असे. १० जुलै २०१८ पासून ते काम एफबीआयएलकडे गेले. ज्या दीर्घ करारांत ‘रिझर्व्ह बँकेने काढलेला संदर्भ दर’ असे शब्द होते, त्यांच्यापुढे त्या दिवशी प्रश्न आला : दर तोच समजायचा का? बहुतेकांनी समजुतीने मार्ग काढला, पण तीन किंवा पाच वर्षांच्या करारात समजुतीवर विसंबू नये. ‘किंवा त्या दराचे काम ज्या संस्थेकडे अधिकृतपणे सोपवले जाईल ती संस्था’ एवढी शब्दरचना पुरते.

कायदा इथे मदतीला येईल, असे गृहीत धरणारे पुष्कळ भेटतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २९ नुसार ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो निरर्थ ठरतो. त्याच कलमाच्या उदाहरणांत तांदळाचा भाव तिसऱ्या व्यक्तीने ठरवायचा असेल तर करार वैध आहे, कारण भाव निश्चित करता येतो, असे दिले आहे. संदर्भ दराला जोडलेला भाव याच आधारावर उभा राहतो. पण ती तिसरी व्यक्ती भाव ठरवूच शकली नाही तर? मालविक्री कायदा, १९३० चे कलम १० सांगते की तिसऱ्या पक्षाच्या मूल्यांकनावर सोडलेली किंमत त्याने ठरवली नाही, तर करार रद्द होतो. जो माल पोचला आणि स्वीकारला गेला, त्याची वाजवी किंमत तेवढी द्यावी लागते. संदर्भ दर हे मालाचे मूल्यांकन नव्हे, असा युक्तिवाद करता येईल, पण वादाच्या वेळी त्या युक्तिवादावर उभे राहण्यापेक्षा पर्यायी दराचा जिना करारातच बांधलेला बरा.

तो जिना तीन पायऱ्यांचा पुरतो. सलग पाच दिवसांपर्यंत दर आला नाही, तर शेवटचा प्रसिद्ध दर. सलग पाच दिवसांहून अधिक काळ आला नाही, तर नाव घेऊन ठरवलेल्या दोन बँकांच्या त्या सकाळच्या पहिल्या कार्ड दरांतील, म्हणजे बँकेने ग्राहकांसाठी जाहीर केलेल्या दरपत्रकातील, टीटी खरेदी आणि टीटी विक्री यांचा मध्य, आणि दोन्ही बँकांच्या मध्यांची सरासरी. मध्य घेण्याचे कारण असे की संदर्भ दर हाही मधलाच असतो. थेट विक्री दर घेतला, तर वर ठरवलेले ३० पैसे दोनदा वसूल होतील. आणि दर कायमचाच बंद झाला, तर ३० दिवसांत दोघांनी नवा स्रोत ठरवावा, तोवर दुसरी पायरी चालू राहील आणि पुरवठा थांबणार नाही. शेवटचे चार शब्द लिहिले नाहीत, तर वाटाघाटी चालू असताना माल रोखून धरण्याचा रस्ता मोकळा राहतो.

पाचवी पायरी : मसुदा

प्रत्यक्ष करार बहुधा इंग्रजीत असतो. पण आधी मराठीत असा सलग मसुदा लिहून, दोन्ही बाजूंच्या लेखा विभागांना तो समजला याची खात्री करून, मग त्याचा इंग्रजी मसुदा वकिलाकडून तपासून घ्यावा.

> (१) भावाचे चलन अमेरिकी डॉलर आणि देयकाचे चलन भारतीय रुपया राहील. खरेदीदाराची देयता केवळ रुपयांत असेल आणि या कलमानुसार काढलेली रक्कम अदा केल्यावर ती पूर्णपणे संपेल.
>
> (२) संदर्भ दर म्हणजे फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया प्रायव्हेट लिमिटेड, किंवा ज्या संस्थेकडे हे काम अधिकृतपणे सोपवले जाईल तिने, प्रसिद्ध केलेला एका अमेरिकी डॉलरचा रुपयांतील संदर्भ दर, चार दशांश स्थानांपर्यंत.
>
> (३) प्रत्येक बीजकासाठी त्या बीजकाच्या दिनांकापूर्वीच्या दिवसांपैकी ज्या दिवशी संदर्भ दर शेवटचा प्रसिद्ध झाला, त्या दिवसाचा दर लागू होईल. बीजकाच्या दिनांकालाच प्रसिद्ध झालेला दर धरला जाणार नाही.
>
> (४) रूपांतर दर म्हणजे संदर्भ दर अधिक ३० पैसे. बँकेचे अंतर, शुल्क आणि चलन जोखमीच्या संरक्षणाचा खर्च यांत समाविष्ट आहे. तो वेगळा मागता येणार नाही.
>
> (५) पूर्णांकन केवळ बीजकाच्या अंतिम रकमेवर, जवळच्या रुपयापर्यंत होईल.
>
> (६) बीजक निघाल्यानंतर विनिमय दर बदलल्याच्या कारणाने रक्कम बदलणार नाही. देयकास विलंब झाल्यास करारात ठरलेले व्याज रुपयांत लागेल. दर नव्याने ठरवला जाणार नाही.

यांच्या पुढे पाठवणीचा दिवस चुकल्यास लागणाऱ्या दराचे आणि पर्यायी दराच्या जिन्याचे पोटकलम जोडावे. सहाव्या पोटकलमाला व्यापारी सहसा हरकत घेतात, कारण ४५ दिवसांच्या उधारीत रुपया घसरला तर आपण बुडू, असे त्यांना वाटते. त्यांना दाखवून द्यावे की बीजकाच्या दिवशी त्यांची रुपयांतली रक्कम पक्की होते, आणि परदेशी पुरवठादाराचे डॉलर पुढच्या तारखेला द्यायचे असतील, तर त्याच दिवशी ते बँकेत फॉरवर्ड करार करून दर बांधून घेऊ शकतात. तो खर्च ३० पैशांत मावत नसेल, तर तो आकडा आताच वाढवून मागावा.

सहावी पायरी : सहीआधी एक ट्रक कागदावर चालवून पाहा

२० टनांचा एक ट्रक घेऊ. बीजकाचा दिनांक सोमवार. त्याआधी दर शेवटचा शुक्रवारी प्रसिद्ध झाला, समजा ८६.४२७५. रूपांतर दर ८६.७२७५.

```
२० × १,१५० = २३,००० डॉलर
२३,००० × ८६.७२७५ = १९,९४,७३२.५०
जीएसटी १८% = ३,५९,०५१.८५
एकूण = २३,५३,७८४.३५ → २३,५३,७८४ रुपये
```

हीच आकडेमोड दोन्ही कार्यालयांतल्या त्या माणसांकडून, जी पुढे दर महिन्याला ती करणार आहेत, वेगवेगळी करून घ्यावी. तीन तारखा द्याव्यात : एक साधा बुधवार, एक सोमवार आणि एक असा दिवस, ज्याच्या आदल्या दिवशी मुंबईत बँक सुट्टी होती. एकदा अशा चाचणीत एका बाजूने रूपांतर दर आधीच दोन दशांशांवर आणून ८६.७३ धरला होता. एका ट्रकवर फरक ५७ रुपये ५० पैशांचा, अधिक त्यावरचा कर. रक्कम लहान होती, पण बिल जुळत नाही म्हणून देयक अडवायला तेवढे कारण पुरले असते. पाचवे पोटकलम त्या चाचणीनंतर माझ्या प्रत्येक मसुद्यात आले.

चाचणीतले तिन्ही हिशेब कराराला परिशिष्ट म्हणून जोडावेत आणि कलमात लिहावे की अर्थाबद्दल शंका आल्यास परिशिष्टातील उदाहरणांप्रमाणे वाचन होईल. प्रत्येक बीजकावर संदर्भ दर, तो प्रसिद्ध झाल्याचा दिनांक आणि रूपांतर दर या तीन गोष्टी छापाव्यात, आणि www.fbil.org.in वरच्या त्या दिवसाच्या दराची प्रत व्यापाऱ्याने बीजकासोबत पाठवावी. रबाळ्याच्या लेखापालाला हरकत घ्यायची असेल, तर ती बीजक मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी घ्यावी, आणि वादात नसलेली रक्कम मुदतीतच भरावी.